व्हेरिएबल जूनमध्ये, नोटीस 90 दिवसांची, मग अप्लाय कधी करायचं?

"सर, मुलगा पुण्यात आयटी सर्व्हिस कंपनीत टेस्टिंगला आहे, चार वर्षं झाली, पॅकेज 8 लाख. जॉब बदलायचाय पण म्हणतो जूनच्या पगारात व्हेरिएबल येतं, ते घेऊन मगच शोधायला लागेन. आत्ता जानेवारी चालू आहे. थांबू द्यावं का?"

ताई, रिझाइन कधी करायचं हा नंतरचा प्रश्न, शोधायला मात्र त्याला आत्ताच लावा, कारण सगळ्या कंपन्यांचा सीझन एकाच वेळी नसतो. खराडी-हिंजवडीत अमेरिकन कंपन्यांची जी स्वतःची सेंटर्स आहेत (जीसीसी म्हणतात ती) त्यातल्या बऱ्याच जणांचं बजेट जानेवारी-डिसेंबर चालतं, म्हणजे नवीन पोझिशन्स वर्षाच्या सुरुवातीलाच मंजूर होतात, आणि तिथला बोनस फेब्रुवारी-मार्चमध्ये झाला की लोक सोडतात, त्या जागाही मग भरायच्या असतात. एप्रिल-मार्चवाल्या आपल्या सर्व्हिस कंपन्यांचं उलटं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे इंटरव्ह्यू छान होतो आणि मग "पोझिशन होल्डवर आहे" असं कळतं, त्यात मुलाचा दोष नसतो, नवीन वर्षाचं बजेट अडकलेलं असतं. एप्रिलनंतर ते सुटतं आणि मे ते जुलै रिप्लेसमेंटच्या जागा निघतात. म्हणून आत्ता जीसीसी, एप्रिलअखेरपासून सर्व्हिसवाल्या. रिक्रूटरचा फोन आला की पहिल्याच कॉलवर विचारायचं, पोझिशन नवीन आहे की रिप्लेसमेंट, आणि अप्रूव्ह झालीये का.

आता व्हेरिएबलचा हिशोब, ढोबळच धरू. 8 लाखात 10 टक्के व्हेरिएबल म्हणजे 80 हजार, कंपनीने 75 टक्केच दिलं तर 60. समजा नवीन ऑफर 30 टक्के जास्तीची, 10.4 लाख, म्हणजे महिन्याला 20 हजार जास्त. मार्चच्या मध्यात रिझाइन केलं तर जूनच्या मध्यात जॉइन होतो. पैसे हातात घेऊन 1 जुलैला केलं तर सप्टेंबरअखेर उजाडतो. साडेतीन महिन्यांचे 70 हजार गेले की! मग थांबून मिळवलं काय? आणि पॉलिसीही नीट वाचायला सांगा, बऱ्याच ठिकाणी पेआउटच्या दिवशी नोटीसवर असलेल्याला व्हेरिएबल देत नाहीत, त्यामुळे "मेमध्ये रिझाइन करून जूनमध्ये घेतो" हे चालेलच असं नाही.

मला जास्त काळजी वाटते ती अप्रेझलच्या कट-ऑफची. एप्रिलच्या इन्क्रिमेंटला आदल्या 30 सप्टेंबरपर्यंत जॉइन झालेलेच धरायचे असा नियम काही कंपन्यांत असतो, काहींत 31 डिसेंबर. 1 जुलैला रिझाइन केलं तर हा अगदी काठावर येतो, लास्ट डे चार दिवस जरी पुढे गेला तरी पहिली वाढ थेट दीड वर्षाने. ऑफर उशिराची असेल तर सही करायच्या आधी एचआरला मेलवर ही तारीख विचारायची, आणि कट-ऑफ चुकत असेल तर जॉइनिंग बोनस किंवा नोटीस बायआउट तेव्हाच मागायचं, जॉइन झाल्यावर कोणी देत नाही.