बेरीज की वजाबाकी? आधी मधलं अंतर बघा

प्रश्न: दोन सायकलस्वार एकाच वेळी निघतात. कधी समोरासमोर भेटतात, कधी मागचा पुढच्याला गाठतो. वेगांची बेरीज कधी करायची आणि वजाबाकी कधी? सूत्रं पाठ आहेत, पण पेपरात हमखास उलटं होतं.

उत्तर:

माझ्या भाच्याचंही हेच होत होतं. पोलीस भरतीची तयारी करतोय, सूत्रं तोंडपाठ, आणि सराव पेपरात नेमकं इथेच चुकायचा. कारण साधं होतं. ‘एकमेकांच्या दिशेने’ आणि ‘एकाच दिशेने’ हे शब्द घाईत सारखेच दिसतात. शब्द वाचून चिन्ह ठरवायला गेलं की घोटाळा होतो.

शेवटी त्याला घेऊन मी ओसरीवर बसलो. एक फरशी म्हणजे २ किलोमीटर असं ठरवलं आणि २१ फरश्या मोजल्या, म्हणजे ४२ किलोमीटर. एका टोकाला हरभरा ठेवला, दुसऱ्या टोकाला शेंगदाणा. हरभऱ्याचा वेग ताशी १६ किलोमीटर, म्हणजे तासाला ८ फरश्या. शेंगदाण्याचा ताशी १२, म्हणजे ६ फरश्या.

आधी दोघांना समोरासमोर सोडलं. एक तास झाला असं धरून हरभरा ८ फरश्या पुढे सरकवला, शेंगदाणा ६. “आता मध्ये किती?” भाचा मोजून म्हणाला, “मामा, सात.” एकवीसच्या सात झाल्या, म्हणजे चौदा गेल्या. आठ याने खाल्ल्या, सहा त्याने. बेरीज इथून येते. पुढच्या अर्ध्या तासात हरभरा ४ आणि शेंगदाणा ३ फरश्या सरकला, उरलेल्या सातही संपल्या. ४२ ला २८ ने भागलं तरी हाच दीड तास येतो.

मग शेंगदाण्याचं तोंड फिरवलं. आता दोघंही एकाच दिशेला, शेंगदाणा २१ फरश्या पुढे. पुन्हा एक तास. हरभरा ८ पुढे आला खरा, पण शेंगदाणाही ६ ने पळाला. मध्ये १९ उरल्या. एवढ्या खटाटोपात फक्त दोनच फरश्या कमी झाल्या! हीच वजाबाकी: १६ उणे १२, ताशी ४ किलोमीटर. ४२ भागिले ४, साडेदहा तास. शेंगदाणा तोवर ओसरी सोडून पार अंगणात गेला असता, म्हणून तो खेळ आम्ही तिथेच थांबवला.

तेव्हा तुम्हीही दिशेचे शब्द सोडा आणि इतकंच विचारा, की एका तासात दोघांमधलं अंतर कितीने बदललं. दोघंही ते खात असतील तर बेरीज. एक खातोय आणि दुसरा वाढवतोय, तर वजाबाकी. दोघं एकाच गावातून उलट्या बाजूंना निघाले, तर दोघंही अंतर वाढवतात. तिथेही बेरीजच, फक्त भेट नाही. आणि पाठलागात पुढचाच जास्त वेगाचा असेल, तर अंतर दर तासाला वाढत जाणार. तो कधीच सापडणार नाही, गणित कितीही रेटलं तरी.

उत्तर आलं की पडताळा घ्यायला अर्धा मिनिट लागतो, तो घ्याच. समोरासमोरच्या गणितात दीड तासात एक २४ किलोमीटर जातो आणि दुसरा १८. बेरीज ४२, बरोबर. पाठलागात साडेदहा तासांत मागचा १६८ जातो आणि पुढचा १२६. फरक ४२, बरोबर. भेटीत दोघांचं अंतर मिळून मूळ अंतर यायला हवं, पाठलागात दोघांमधला फरक मूळ अंतराइतका हवा. चिन्ह उलटं झालं असेल तर ते इथे लगेच उघडं पडतं.

वजाबाकीची एक खोड मात्र ध्यानात ठेवा. शेंगदाण्याचा वेग १२ ऐवजी १३ धरा. समोरासमोर असतील तर ४२ ला २९ ने भागायचं, साधारण १ तास २७ मिनिटं. तीन मिनिटांचा फरक, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पाठलागात मात्र भागायचं ३ ने, आणि साडेदहाचे थेट १४ तास होतात. वेग जितके जवळ, तितकी वजाबाकी लहान आणि उत्तर तितकं हळवं. म्हणून रस्त्यावर ‘तो मला कधी गाठेल’ हा अंदाज नेहमी फसतो, आणि ‘आपण वाटेत कुठे भेटू’ हा बऱ्यापैकी जमतो.

हे गणित प्रत्यक्षात बघायचं असेल तर ट्रॅक सायकलिंगमधली वैयक्तिक परस्यूट शर्यत बघा. ट्रॅक २५० मीटरचा. दोघं एकाच क्षणी सुटतात, पण ट्रॅकच्या दोन समोरासमोरच्या बाजूंनी, आणि दोघंही एकाच दिशेला फिरतात. म्हणजे प्रत्येकाच्या पुढे दुसरा १२५ मीटरवर. पुरुषांची शर्यत ४,००० मीटरची. अंतिम फेरीत एकाने दुसऱ्याला गाठलं की शर्यत तिथेच संपते.

आता गाठायला किती वेगवान असावं लागतं? मागच्याने ४,००० मीटर पुरे करेपर्यंत १२५ मीटरची वजाबाकी भरून निघायला हवी, म्हणजे तेवढ्या वेळात पुढचा फार तर ३,८७५ मीटर गेलेला असावा. मागचा ४ मिनिटांत, म्हणजे २४० सेकंदांत शर्यत पुरी करत असेल, तर ३,८७५ मीटरला २४० सेकंद लावणाऱ्याला ४,००० मीटरला सुमारे २४७.७ सेकंद लागतील. पुढचा ४ मिनिटं ७.७ सेकंदांपेक्षा हळू असेल तरच तो सापडतो. जेमतेम ३ टक्क्यांचा फरक. ही ४ मिनिटांची वेळ काही मी हवेतून आणलेली नाही. २०२१ साली अमेरिकेच्या अॅश्टन लँबीने ३ मिनिटं ५९.९३० सेकंदांत हे अंतर कापलं, आणि ४ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला. (आपला वेग सगळीकडे सारखाच धरलाय. खरे खेळाडू उभ्यानेच सुटतात, त्यामुळे पहिली फेरी हळू जाते.)

राहता राहिला ‘एकाच वेळी’ हा शब्द. बेरीज-वजाबाकी चालते ती दोघंही रस्त्यावर असतानाच. शेंगदाणा पहाटे ५:५० ला निघाला आणि हरभरा ७ वाजता, तर ४२ ला २८ ने भागू नका. आधीच्या १ तास १० मिनिटांत शेंगदाणा एकटाच चालला, १४ किलोमीटर. सात वाजता मध्ये उरले २८. इथून दोघंही ते खाणार, तासाला २८ च्या हिशेबाने. भेट बरोबर आठ वाजता. पंक्चर, चहाचा थांबा, उशिरा निघणं, सगळ्याला हीच रीत: ज्या क्षणापासून दोघंही चालायला लागले, त्या क्षणी मध्ये किती अंतर होतं ते काढा आणि तिथून सुरू करा.

भाच्याने नंतर विचारलं, “मामा, परीक्षेत हरभरे नेऊ देतील का?” म्हटलं, कच्च्या कामाच्या कागदावर दोन टिंबं काढ आणि दोन बाण. तेवढ्यावर भागतं.