नवापूरची हद्द साध्या कायद्याने हलली, बेरुबारीला मात्र घटनादुरुस्ती लागली

प्रश्न: ताठर आणि लवचीक राज्यघटना म्हणजे काय? भारताची घटना दोन्ही आहे असं पुस्तकात लिहिलंय, ते कसं शक्य आहे?

मी नंदुरबार जिल्ह्यात अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि त्याचं उत्तर मी नवापूर स्टेशनातून द्यायला सुरुवात करतो.

तिथे फलाटावर एक बाकडं आहे. अर्ध्यावर महाराष्ट्र लिहिलंय, अर्ध्यावर गुजरात. राज्याची हद्द स्टेशनाच्या मधूनच जाते. 1 मे 1960 च्या आधी अशी हद्द इथे नव्हतीच, सगळा मुलूख मुंबई राज्यातल्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. मुंबई पुनर्रचना कायदा झाला आणि त्याच्या परिशिष्टात नावं घालून नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदा तालुक्यांतली काही गावं गुजरातला दिली गेली.

एवढा मोठा बदल संसदेने केला तो साध्या बहुमताने. म्हणजे त्या दिवशी हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक सदस्य बाजूने असले की झालं. घटनेच्या कलम 3 प्रमाणे राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडे मत द्यायला पाठवावं लागतं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. 2014 साली आंध्र प्रदेशच्या विधानसभेने राज्याच्या विभाजनाचं विधेयक फेटाळलं होतं, तरी तेलंगण झालंच. आणि कलम 4 स्पष्ट म्हणतं की अशा कायद्याने घटनेच्या पहिल्या परिशिष्टातली राज्यांची यादी बदलली, तरी त्याला घटनादुरुस्तीची खास पद्धत सांगणाऱ्या कलम 368 खालची घटनादुरुस्ती मानायचं नाही. ही आपल्या घटनेची लवचीक बाजू.

आता त्याच 1960 सालातली दुसरी हद्द बघा. बंगालमधल्या बेरुबारी युनियनचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचा, असं 1958 च्या नेहरू-नून करारात ठरलं होतं. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचं मत मागितलं. न्यायालय म्हणालं, कलम 3 देशातल्या देशात राज्यांच्या हद्दी हलवण्यासाठी आहे, देशाची जमीन परक्या देशाला देण्यासाठी नाही. त्यासाठी कलम 368 नेच जायला हवं. मग 1960 च्या अखेरीस 9वी घटनादुरुस्ती करावी लागली. ही ताठर बाजू.

368 चा रस्ता किती चढाचा आहे, ते आकड्यांत पाहू. लोकसभेत 543 सदस्य आहेत आणि 360 जणांनी मतदान केलं असं धरा. दोन-तृतीयांश म्हणजे 240. मुलं इथेच थांबतात आणि चुकतात. एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान 272, ही अटही त्याच वेळी पुरी व्हावी लागते. 240 मतं पडली तर विधेयक पडलं. 450 जणांनी मतदान केलं तर 300 लागतील. हेच गणित राज्यसभेत वेगळं मांडायचं, कारण दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक घेऊन इथे सुटका होत नाही. केंद्र आणि राज्य यांच्यातल्या अधिकारवाटपासारख्या गोष्टीला हात लागत असेल तर आणखी एक पायरी आहे: किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी. जीएसटीची 2016 ची 101वी दुरुस्ती अशीच राज्यांकडे गेली होती.

म्हणून माझ्या मते "आपली घटना ताठर की लवचीक" असं अख्ख्या घटनेला विचारूच नये. कोणता बदल कोणी करायचा आणि त्यासाठी किती जणांची संमती मिळवायची, हे ठरवून ठेवणं हे घटनेचं मुख्य काम आहे. आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला वेगळा दरवाजा आहे.

ब्रिटनमध्ये दरवाजा एकच. संसदेची मुदत ठरवणारा 2011 चा कायदा त्यांनी 2022 मध्ये दुसऱ्या साध्या कायद्याने रद्द केला. अमेरिकेत उलट. दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि वर 50 पैकी 38 राज्यं लागतात. शिवाय एखादं राज्य फोडून नवं करायचं तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती हवीच. आपल्याकडचं नुसतं मत तिथे नकाराधिकार होतं. नवापूरसारखी हद्द तिथे वॉशिंग्टनहून एकतर्फी ओढता आली नसती.

पेपरात एखाद्या कायद्याबद्दल विचारलं आणि गोंधळ झाला, तर त्याचं नाव वाचा. 368 ने झालेल्या कायद्याच्या नावातच "संविधान (अमुकवी दुरुस्ती) अधिनियम" असं असतं. "पुनर्रचना अधिनियम" दिसला तर तो साध्या बहुमताचा. 1956 ला मात्र दोन्ही झाले: राज्य पुनर्रचना कायदा आणि सोबत 7वी घटनादुरुस्ती, कारण तेव्हा नुसत्या हद्दी हलवायच्या नव्हत्या, राज्यांचे अ, ब, क असे वर्गच मोडायचे होते.