खऱ्यालाच ब्लॉक करतात

प्रश्न: माझ्या छोट्या ब्रँडच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर फेक अकाउंट काढलंय आणि लोकांकडून पैसे घेतंय. रिपोर्ट करूनही काही होत नाही. काय करू?

त्या तीन टिंबांतलं रिपोर्ट दाबत बसू नका. आम्ही देवगडहून हापूस विकतो. ऐन एप्रिलात डोंबिवलीच्या एका काकूंचा फोन आला, "पेटी कुठाय हो? निम्मे पैसे भरून आठवडा झाला!" आमच्या वहीत त्यांचं नावच नाही. त्यांनी पाठवलेली लिंक माझ्या फोनवर उघडेना, कारण हे लोक आधी खऱ्या मालकालाच ब्लॉक करतात. भाचीच्या फोनवर दिसलं: लोगो आमचा, नावाच्या शेवटी एक अंडरस्कोअर जास्तीचा, अढीचे फोटोही आमचेच. एका फोटोत तर पेंढा सारणारा हिरव्या बांगड्यांचा हात सासूबाईंचा!

घरच्या सगळ्यांनी रिपोर्ट मारले. उत्तर एकच, नियमभंग आढळला नाही. इन्स्टाग्रामच्या ट्रेडमार्क तक्रारीच्या फॉर्मला नोंदणी लागते आणि आमचा अर्ज तेव्हा नुसता पडून होता. कामी आला तो कॉपीराइटचा फॉर्म. स्वतः काढलेल्या फोटोवर आपला हक्क आपोआप असतो, त्याला नोंदणी लागत नाही. त्यांच्या एकेका पोस्टची लिंक आणि तोच फोटो आमच्या पानावर आधी टाकलेला, त्याची लिंक, अशा जोड्या लावून दिल्या. आधी फोटो उडाले, मग अकाउंट. त्याआधी लिंकसकट सगळ्याचे स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवा, नंतर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही.

पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन, तोही ज्याचे पैसे गेले त्याने, व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवून. पहिल्या काही तासांत केला तर समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येतात. काकूंचा आठवडा उलटला होता, त्यांचे गेले ते गेलेच.

आता भावोजींचा मुद्दा. त्यांचं म्हणणं, बोभाटा नको, गिऱ्हाईक बिचकेल. मी त्याच संध्याकाळी फेक अकाउंटचं नाव जाहीर केलं आणि पोस्ट पिन केली: आमचा क्यूआर स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसेल, दुसरं दिसलं तर पैसे भरू नका. लोगो कोणीही चोरतो, पण भामट्याच्या क्यूआरवर आमच्या खात्याचं नाव कुठून येणार? त्यानंतर लोक पैसे भरायच्या आधी नाव विचारून घ्यायला लागले. भावोजी अजून म्हणतात, त्या पोस्टमुळे सीझन पडला. सीझन पडला मोहोर गळाल्यामुळे, हे बागेत न फिरकणाऱ्याला कोण सांगणार! गप्प बसलो असतो तर पुढच्या प्रत्येक काकूने आम्हालाच चोर म्हटलं असतं.

हां, कॉपीराइटच्या फॉर्ममधलं तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळू शकतं, म्हणून धंद्याचा ईमेल द्या. आणि तुम्हीच नेटवरून उचललेले फोटो वापरत असाल तर हा रस्ता तुमच्यासाठी बंद.