पृथ्वी चेंडूसारखी गोल नसल्याने अंतर किती चुकतं?

*"माझ्या अ‍ॅपमध्ये दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन हॅवरसाइनने अंतर काढतो. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे म्हणून हे उत्तर चुकतं असं वाचलं. नेमकं किती चुकतं, आणि खऱ्या प्रवासात त्याने काही बिघडतं का?"*

वाईटात वाईट दिशेला अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त चुकतं. विमानाने किंवा गाडीने जाणाऱ्याला ते कळणारही नाही. पण जिथे एखादी हद्द मीटरमध्ये मोजायची असते, तिथे याच चुकीवरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. तिकडे येतोच, आधी चूक येते कुठून ते बघू.

हॅवरसाइन सूत्रात गणिताची काही खोट नाही. गोलावरचं अंतर ते बिनचूक देतं. प्रश्न आहे तो त्याला आपण देतो त्या एकाच त्रिज्येचा, म्हणजे ६,३७१ किलोमीटरचा. पृथ्वीची विषुववृत्ताकडची त्रिज्या ६,३७८.१ किमी आणि ध्रुवाकडची ६,३५६.८ किमी. फरक फक्त २१ किलोमीटरचा. ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल केला, तर तो ध्रुवांकडून जेमतेम एक मिलिमीटर दबलेला असेल. डोळ्याला दिसणारही नाही.

आता इथे जवळजवळ सगळेच एकदा फसतात, मीही फसलो होतो. ध्रुव केंद्राला जवळ आहे, त्रिज्या लहान आहे, म्हणजे ध्रुवाजवळ अक्षांशाचा एक अंश लहान असणार, असं वाटतं. प्रत्यक्षात नेमकं उलटं आहे. विषुववृत्ताजवळ उत्तर-दक्षिण एक अंश चालायला ११०.५७ किमी लागतात, ध्रुवाजवळ १११.६९ किमी.

कारण असं, की नकाशातला किंवा जीपीएसवरचा अक्षांश पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेला कोन नसतो. तुमच्या पायाखालच्या पृष्ठभागाला काटकोनात असलेली उभी रेषा, साध्या भाषेत ओळंब्याची दोरी, विषुववृत्ताच्या पातळीशी जो कोन करते तो अक्षांश. एक अंश पुढे जाणं म्हणजे ती दोरी एक अंशाने कलेपर्यंत चालणं. जिथे जमीन जास्त वळलेली असते तिथे दोरी लवकर कलते, जिथे ती सपाट असते तिथे बरंच चालावं लागतं. रेखावृत्त हे दबलेलं वर्तुळ आहे. विषुववृत्तापाशी त्याला पोट सुटलंय, म्हणून तिथला बाक तीव्र आहे, आणि ध्रुवापाशी ते सपाट आहे. विषुववृत्तापाशी उत्तर-दक्षिण बाकाची त्रिज्या ६,३३५ किमी भरते, ध्रुवापाशी ६,४०० किमी. यातली पहिली पृथ्वीच्या दोन्ही त्रिज्यांहून लहान आणि दुसरी दोन्हींहून मोठी आहे. हॅवरसाइनला यातलं काहीच ठाऊक नसतं, ते सगळीकडे अंशाला १११.१९ किमी धरून चालतं.

(अठराव्या शतकात पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे की लांबट, हा वाद असाच अंश मोजून सुटला. फ्रेंच शास्त्रज्ञ मोपेर्त्युईची तुकडी १७३६-३७ मध्ये लॅपलंडला गेली आणि तिथला एक अंश पॅरिसजवळच्या अंशापेक्षा लांब भरला. म्हणजे पृथ्वी ध्रुवांकडे सपाट आहे, न्यूटन बरोबर.)

आता एक उदाहरण धरू. विषुववृत्तावरून निघून एकाच रेखांशावरून सरळ उत्तरेला ४५ अंशांपर्यंत जा, मग तिथून पुढे उत्तर ध्रुवापर्यंत. गोलावर हे दोन्ही टप्पे सारखेच, प्रत्येकी ५,००३.८ किमी. प्रत्यक्षात पहिला टप्पा ४,९८४.९ किमीचा आहे आणि दुसरा ५,०१७.० किमीचा. पहिल्या टप्प्यात हॅवरसाइन १८.८ किमी जास्त दाखवतं, दुसऱ्यात १३.२ किमी कमी. आणि पूर्ण प्रवासाला? फक्त ५.६ किमी जास्त. दहा हजार किलोमीटरच्या प्रवासात चूक पाच हजारांच्या प्रवासापेक्षा कमी, कारण वाटेत तिचं चिन्ह बदललं आणि ती बरीचशी फिटली. म्हणून "अंतर वाढलं की चूक वाढते" हा अंदाज इथे लागू पडत नाही. प्रवास कुठल्या अक्षांशातून आणि कुठल्या दिशेने होतो त्यावर सगळं अवलंबून आहे.

दिशा महत्त्वाची, कारण पूर्व-पश्चिम जाताना हिशोब वेगळा होतो. विषुववृत्तावर पूर्वेकडचा एक अंश १११.३२ किमीचा आहे, म्हणजे हॅवरसाइन तिथे ०.११ टक्का कमी दाखवतं, आणि त्याच ठिकाणाहून उत्तरेकडे तोंड केलं की ०.५६ टक्का जास्त.

विमानप्रवासात याने काय बिघडतं? आपल्या उदाहरणातले १८.८ किमी ताशी ९०० किमी वेगाला सव्वा मिनिटाचे आहेत. समोरचा वारा थोडा जरी बदलला तरी त्याहून जास्त वेळ इकडेतिकडे होतो, आणि विमान तसंही सर्वांत छोट्या वाटेने काटेकोरपणे उडत नाही. आणखी गंमत म्हणजे ११ किमी उंचीवर उडताना वाटच मुळात ०.१७ टक्का लांब होते. आपल्या पहिल्या टप्प्यावर ते साडेआठ किमी झाले. चपटेपणाची काळजी करणारे बहुतेक लोक उंची मात्र विसरतात. रस्त्याने जायचं असेल तर दोन बिंदूंमधलं सरळ अंतर कुठल्याही सूत्राने काढा, वळणं त्याच्या कितीतरी पट भर घालतात. "जवळचे पंधरा पेट्रोलपंप दाखवा" एवढंच तुमचं अ‍ॅप करत असेल, तर हॅवरसाइन ठेवा आणि निवांत राहा.

आता बिघडतं कुठे ते सांगतो. मी काही वर्षं पॅराग्लायडिंग स्पर्धांचे ट्रॅकलॉग तपासून गुण काढायचं काम केलं आहे. तिथे वळणबिंदू म्हणजे एखादं झाड किंवा देऊळ नसतं, तर एका बिंदूभोवतीचं ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ असतं, ज्याला सिलिंडर म्हणतात. वैमानिकाने त्याच्या कडेच्या आत एक तरी जीपीएस नोंद टाकली की बिंदू पार. उगाच आत शिरून वेळ कोण घालवेल? कडेला टेकायचं आणि मागे वळायचं, हीच शर्यत. पूर्वी हवाई खेळांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांतही अंतरासाठी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोलच धरलेला असायचा, त्यामुळे जुन्या उपकरणांमध्ये तोच हिशोब राहून गेलेला असे, आणि गुण काढणारी प्रणाली मात्र डब्ल्यूजीएस-८४ या चपट्या आकारावर चालायची.

समजा स्पर्धा ४५ अक्षांशाच्या आसपास आहे आणि सिलिंडरची त्रिज्या २० किमी. वैमानिक पूर्वेकडून येतोय. या अक्षांशावर पूर्व-पश्चिम बाकाची त्रिज्या ६,३८९ किमी आहे, म्हणजे गोल धरलेलं उपकरण ०.२८ टक्का कमी अंतर दाखवणार. त्याच्या पडद्यावर २०.००० किमी उमटतं तेव्हा तो खरं तर केंद्रापासून २०.०५६ किमीवर असतो. कडेच्या छप्पन्न मीटर बाहेर. उपकरण आवाज करतं, तो वळतो, आणि संध्याकाळी निकालात बिंदू हुकलेला दिसतो. दुसरा वैमानिक उत्तरेकडून आलेला असतो. त्याच्या दिशेला हॅवरसाइन ०.०६ टक्का जास्त दाखवतं, म्हणून तो कडेच्या अकरा मीटर आत जाऊन वळतो आणि त्याला काहीच होत नाही. एकच सिलिंडर, एकाच बनावटीची उपकरणं, एक बाद आणि एक पास. अशा वेळी वैमानिक समोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "माझ्या यंत्रात आत दिसतंय, तुमच्यात बाहेर कसं?" आणि तो खोटं बोलत नसतो. म्हणूनच कडेला थोडी सवलत ठेवण्याची पद्धत पडली आणि पुढे सगळ्यांनी एकच आकार धरण्याकडे कल गेला.

तुमच्या कोडमध्ये हाच दोष आहे का हे ओळखायचं असेल, तर एकच बिंदू घेऊन त्याच्या उत्तरेला आणि पूर्वेला दोन अंतरं काढा आणि दोन खात्रीच्या साधनांशी पडताळा, आधी गोल धरणाऱ्या आणि मग चपटा आकार धरणाऱ्या. पहिल्याशी दोन्हीकडे फरक सारख्याच टक्क्याचा आणि एकाच बाजूचा आला, तर गडबड त्रिज्येच्या आकड्यात आहे. कुणीतरी ६,३७१ ऐवजी ६,३७८ टाकलेलं असतं, हे फार वेळा दिसतं. पहिल्याशी जुळलं आणि दुसऱ्याशी दिशेनुसार टक्का बदलला तर तो चपटेपणा. आणि फरक प्रत्येक मोजणीला वेगळा येत असेल तर सूत्राला दोष देऊ नका, ती जीपीएसची थरथर आहे. धावण्याच्या अ‍ॅपमध्ये सेकंदासेकंदाचे बिंदू जोडताना हीच थरथर मुख्य शत्रू असते.

पायथनमध्ये दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं:

```python
from geopy.distance import geodesic, great_circle
a, b = (0, 0), (45, 0)
print(great_circle(a, b).km)   # 5003.78
print(geodesic(a, b).km)       # 4984.94
```

इथलं `geodesic` चार्ल्स कार्नी यांची २०१३ ची पद्धत वापरतं. त्याआधी सगळीकडे व्हिन्सेंटी यांचं १९७५ चं सूत्र चालायचं, अजूनही बऱ्याच जुन्या कोडमध्ये सापडेल. ते मिलिमीटरपर्यंत नेमकं आहे, पण पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध टोकांना असलेल्या जोड्यांवर त्याची आवर्तनं उत्तरापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामागे खरी भौमितिक अडचण आहे. विषुववृत्तावर १८० अंश दूर असलेले दोन बिंदू घ्या. गोलावर कुठूनही गेलात तरी वाट सारखीच, २०,०१५ किमी. खऱ्या पृथ्वीवर विषुववृत्तावरून गेलात तर २०,०३७.५ किमी आणि ध्रुवावरून गेलात तर २०,००३.९ किमी. म्हणजे साडेतेहतीस किलोमीटर वाचवायचे तर सरळ पूर्वेला असलेल्या ठिकाणी जायला सुरुवातीलाच उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळावं लागतं. व्हिन्सेंटीची आवर्तनं अशाच ठिकाणी भरकटतात, तेव्हा जुना कोड हाती असेल तर आधी हीच जोडी टाकून बघा.