मुंजीच्या ग्रुप फोटोत गेलेल्या आजोबांना कसं आणावं?

प्रश्न: माझ्या मुलाची मुंज मे महिन्यात झाली. माझे वडील त्याच्या दीड वर्ष आधी गेले. घरच्यांच्या ग्रुप फोटोत त्यांना घालून आईला सरप्राइज द्यायचं आहे, पण चिकटवल्यासारखं किंवा भुतासारखं दिसायला नको. फोटोशॉप थोडंफार येतं. कसं करावं?

उत्तर: आधी सरप्राइजचा बेत सोडा आणि आईला विचारा. मी बरीच वर्षं स्टुडिओत जुने फोटो दुरुस्त करायचं आणि असे फोटो जोडायचं काम करतो. यातल्या तांत्रिक चुका दुरुस्त होतात. पण न विचारता समोर ठेवलेल्या फोटोमुळे एखादी बाई उठून आत निघून जाते, ते दुरुस्त करता येत नाही.

विचारायचं आणखी एक कारण आहे. त्या फोटोत तुमची आईही आहे. तिच्या कपाळावर कदाचित कुंकू नसेल, गळ्यात मंगळसूत्र नसेल. शेजारी वडील आले की एकाच फोटोत ते आहेतही आणि नाहीतही, असं होतं. मुलं मला परस्पर सांगतात, ‘आईला कुंकू लावून टाका.’ मी ते तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय करत नाही. काहीजणी आनंदाने हो म्हणतात. काहीजणी म्हणतात, मी आता जशी आहे तशीच राहू दे. दोन्ही बरोबरच, पण ठरवायचं तिने. तिने नको म्हटलं तर वडिलांचा एक चांगला फोटो फ्रेम करून मुंजीच्या फोटोशेजारी लावा, तेही छान दिसतं.

ती हो म्हणाली, तर पुढचा बराचसा वेळ वडिलांचा योग्य फोटो शोधण्यात घालवा. फोटो चिकटवल्यासारखा का दिसतो? बहुतेक वेळा कापण्यात चूक नसते, उजेड जुळलेला नसतो. मुंजीच्या फोटोत तुमच्या काकांचं किंवा मामांचं नाक बघा. नाकाची सावली कुठल्या गालावर पडली आहे? हनुवटीखालची सावली गडद आहे की पुसट? डोळ्यांतला पांढरा ठिपका डावीकडे आहे की उजवीकडे? वडिलांच्या फोटोत या तीन गोष्टी साधारण तशाच हव्यात. शिवाय कॅमेरा त्याच उंचीवर हवा. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा उभ्याने काढलेला फोटो असेल तर टाळू जास्त दिसते, आणि असं डोकं उभ्या माणसांच्या रांगेत ठेवलं की मान मोडल्यासारखी वाटते.

आजारपणातला फोटो घेऊ नका, मग तो कितीही स्पष्ट असो. शक्यतो गेल्या आठ-दहा वर्षांतला घ्या, कारण शेजारी आईचं आजचं वय दिसतं आहे. आणि डोकं एका फोटोतलं, धड दुसऱ्याच माणसाचं, असं कधीच करू नका. खांदे, मान किंचित कलती ठेवायची सवय, शर्टाच्या खिशातलं पेन, यावरूनच घरचे माणूस ओळखतात.

उजेड उलट्या बाजूने असेल तर फोटो आडवा फिरवायचा मोह होतो. `Flip Horizontal` केलं की सावल्या जुळतात. मीही एका मुंजीच्या फोटोत तेच केलं होतं. आजोबांचा फोटो सत्यनारायणाच्या पूजेतला होता, सोवळं नेसलेले, अंगावर फक्त जानवं आणि उपरणं. सावल्या इतक्या सुंदर जुळल्या की मी लगेच कच्ची प्रत काढून दिली. आजींनी चष्मा पुसला, फोटो जवळ धरला, जानव्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे श्राद्ध करतायत का?” फिरवल्यामुळे डाव्या खांद्यावरचं जानवं उजव्या खांद्यावर गेलं होतं. सव्याचं अपसव्य झालं होतं, आणि अपसव्य पितरांच्या कार्याला करतात. नातवाच्या मुंजीत, त्याच्या गळ्यात पहिल्यांदा जानवं पडलं त्या दिवशी, आजोबांच्या अंगावर ते अपसव्य. मी ते काम तिथेच मोडलं आणि दुसरा फोटो शोधला. शर्टातला फोटो फिरवला तरी खिसा उजवीकडे जातो, भांग बदलतो, गालावरचा तीळ बाजू बदलतो. परक्याच्या लक्षात येणार नाही. आईच्या येईल.

कागदावरचा फोटो असेल तर मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, स्कॅन करा. चेहऱ्याची उंची छापील फोटोत १ सेंटीमीटर असेल, तर ६०० डीपीआयला तो साधारण २३६ पिक्सेल उंच येतो. आता मुंजीच्या फोटोत शेजारच्या काकांचा चेहरा मोजा. तो २१० पिक्सेल असेल तर काम होईल. तो ४०० असेल तर १२०० डीपीआयला स्कॅन करून बघा, मात्र कागदावर मुळात जेवढा तपशील आहे त्याहून जास्त येत नाही. १०० पिक्सेलचा चेहरा ताणून ४०० करू नका. त्यातून माणूस येत नाही, मेणाचा मुखवटा येतो. जुन्या फोटोंच्या कागदावर बारीक जाळीसारखा पोत असतो, तो स्कॅनमध्ये ठिपक्यांसारखा दिसतो. तसं झालं तर फोटो काचेवरच १८० अंशांत फिरवून, म्हणजे डोकं खालच्या बाजूला येईल असा ठेवून, दुसरा स्कॅन घ्या, तो सरळ करून पहिल्यावर नेमका बसवा आणि वरच्या लेअरची `Opacity` ५० टक्के करा. पोत बराच विरतो. व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेली प्रत असेल तर ज्याच्याकडे मूळ फोटो आहे त्याच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

आता जागा. सगळ्यांना वाटतं, बटूच्या शेजारी, अगदी मध्ये बसवावं. पण बसलेल्या माणसाला खुर्ची लागते, हात-पाय लागतात, जमिनीवर सावली लागते, आणि या प्रत्येक ठिकाणी फसवणूक उघडी पडते. ग्रुप फोटोत आई खुर्चीवर बसलेली असेल तर वडिलांना तिच्या खुर्चीमागे उभं करा. छातीपासून वरचंच दिसेल, बाकीचं तिच्या डोक्याआड आणि खुर्चीच्या पाठीआड जाईल. नवरा बायकोच्या खुर्चीमागे उभा, अशी ठेवण आपल्याकडच्या जुन्या फोटोंत घरोघरी सापडते, त्यामुळे डोळ्यांनाही ती ओळखीची वाटते.

तिथे कुणी उभं असेल तर त्याला पुसू नका. त्यापेक्षा फोटोग्राफरकडे त्या ग्रुपचे सगळे फोटो मूळ आकारात मागा. एका ग्रुपचे पाच-सहा तरी तो काढतोच, आणि एखाद्यात कुणीतरी बाजूला सरकलेलं असतं. ते नसेल तर मागच्या रांगेचं टोक चालेल. अगदी कडेला मात्र नको, मोबाइलच्या आणि रुंद लेन्सच्या फोटोत कडेचे चेहरे आडवे ताणले जातात. त्यात जवळून काढलेला सरळ चेहरा ठेवला तर तो उगाच चिंचोळा दिसतो.

आकार डोळ्यांनी ठरवू नका. मोठ्या माणसांच्या डोक्यांच्या उंचीत फार फरक नसतो, म्हणून त्याच रांगेतल्या माणसाचं डोकं, हनुवटी ते टाळू, मोजा आणि वडिलांचं तेवढंच करा. मग खांद्याची उंची. वडील काकांपेक्षा दोन बोटं बुटके होते का, हे तुम्हाला माहीत आहे. तेवढं खाली घ्या.

रंग जुळवताना आधी काळा रंग बघा. जुन्या प्रिंटमधला काळा विटून तपकिरी-करडा झालेला असतो, आणि नव्या फोटोत तो धुक्यातून आल्यासारखा दिसतो. भूत म्हणतात ते इथूनच येतं. `Curves` मध्ये त्यांच्या केसांचा किंवा चष्म्याच्या काडीचा काळा शेजाऱ्याच्या काळ्याइतका खाली आणा. पांढऱ्याचंही तसंच, त्यांचा सदरा फोटोतल्या सगळ्यात पांढऱ्या धोतरापेक्षा उजळ नको. त्यानंतर त्वचा. हॉलमध्ये मागे केशरी किंवा गुलाबी कापड असेल तर त्याची झाक सगळ्यांच्या गालाच्या कडेला आलेली असते, ती अगदी हलकी त्यांच्याही गालावर यायला हवी.

आईचे केस आणि पदर त्यांच्या पुढे यायला हवेत, म्हणून मूळ फोटोची एक प्रत वरच्या लेअरवर ठेवून मास्कने फक्त आई आणि खुर्ची राखा. कडा एक-दोन पिक्सेल मऊ ठेवा, कारण कात्रीने कापल्यासारखी कड कॅमेऱ्यातून कधी येत नाही. आईच्या डोक्याची हलकी सावली त्यांच्या छातीवर, आणि बाकीच्यांची पडली असेल तर तशीच त्यांची सावली मागच्या भिंतीवर द्या. त्यासाठी वेगळा लेअर, `Multiply`, आणि कमी `Opacity`. शेवटी १०० टक्के मोठं करून दाणे बघा. बाकीचे चेहरे गुळगुळीत आणि त्यांचा दाणेदार, किंवा उलट, असेल तर `Add Noise` किंवा `Reduce Noise` ने बरोबरीला आणा.

झालं की पूर्ण फोटो तात्पुरता कृष्णधवल करून बघा. रंग गेला की उजेडातली चूक लगेच दिसते. मग तो अंगठ्याएवढा छोटा करून बघा. नजर आपोआप त्यांच्याकडेच जात असेल तर अजून काहीतरी जास्त उजळ किंवा जास्त रेखीव आहे.

ढग, मागे तेजोवलय, अर्धपारदर्शक आकृती यातलं काही मी करत नाही. ज्या माणसाला घरात कधी कुणी तसं पाहिलं नाही, त्याला तसं दाखवू नये. हारही नको. मिटलेले डोळे उघडणं, नसलेलं हसू आणणं हेही नको. जे हसू त्यांनी खरंच कधीतरी हसलं आहे तेच घ्या. आधी सांगितलेल्या त्या कामात आम्हाला शेवटी बारशाचा एक फोटो सापडला, त्यात आजोबा मान खाली करून पाळण्यातल्या बाळाकडे बघत हसत होते. आजींच्या खुर्चीमागे त्यांना ठेवल्यावर ती नजर बरोबर खाली पाटावरच्या बटूवर पडली. पाळण्यातलं बाळही तोच होता. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि हे एकटे नातवाकडे, तरी ते कुणाला खटकलं नाही.

मूळ फोटो जसाच्या तसा वेगळा जपून ठेवा, अल्बममध्येही तोच लावा. जोडलेल्या फोटोच्या फाइलच्या नावात ‘स्मृतिचित्र’ लिहा. प्रिंटच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर वडिलांचं नाव, जन्म आणि निधनाचं साल, आणि ‘स्मृतिरूपाने’ एवढं बारीक अक्षरात छापा. तुमचा मुलगा मोठा होईल, त्याची मुलं हा फोटो बघतील. पणजोबा मुंजीला हजर होते असं त्यांना वाटायला नको. त्यांना आणलं होतं, हे त्यांना कळू द्या. मागच्या बाजूला पेन्सिलने कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या दिवशी केलं तेही लिहा. त्या आजींनी पेन्सिल माझ्या हातातून घेऊन स्वतःच लिहिलं: ‘बारशातले हे, मुंजीतले आम्ही.’