'बाय' कोणत्या दिवशी, 'फॉर' किती काळ: 'विल हॅव बीन टीचिंग'चा हिशेब

प्रश्न: माझी बहीण खानापूरकडच्या मराठी शाळेत जून २०१७ पासून शिकवते. तिच्या अर्जात मी 'बाय जून २०२७ शी विल बी टीचिंग सिन्स टेन इयर्स' असं लिहिलं. ओळखीच्या सरांनी ते खोडून 'शी विल हॅव बीन टीचिंग फॉर टेन इयर्स' केलं. मला दोन्हींचा अर्थ एकच वाटतो. मग बदललं कशासाठी?

उत्तर:

सरांची दुरुस्ती बरोबर आहे, आणि दोन वाक्यांचा अर्थ एक नाही. 'शी विल बी टीचिंग' म्हटलं की त्या वेळी ती शिकवत असेल, एवढंच कळतं. ती तिथे दहा वर्षं असेल की दोन दिवस, हे त्या क्रियापदातून समजत नाही. 'विल हॅव बीन टीचिंग' मध्ये 'विल' आपल्याला जून २०२७ मध्ये नेऊन उभं करतं, 'हॅव बीन' तिथून मागे बघायला लावतं आणि 'टीचिंग' सांगतं की मधला सगळा काळ काम चालू होतं. मराठीत आपण 'तिला शिकवायला लागून दहा वर्षं होतील' म्हणतो. म्हणजे वर्षं 'होतात' आणि शिकवणं मागे राहतं. इंग्रजीत कर्ता ती शिक्षिकाच राहते, म्हणून मागे बघण्याचं काम क्रियापदाला करावं लागतं.

आता 'सिन्स'चं बघू. आपल्याकडे ही चूक फार होते आणि तिचं कारण स्पष्ट आहे. मराठीत '२०१७ पासून' आणि 'दहा वर्षांपासून' या दोन्हींत 'पासून'च येतं. शेजारची कन्नडही तशीच: वर्षालाही 'इंद' आणि 'हत्तु वर्षगळिंद' मध्येही तोच प्रत्यय. त्यामुळे बेळगाव, निपाणी, खानापूरकडची मुलं घरी मराठी बोलोत की बाजारात कन्नड, दोन्हीकडून त्यांना एकच सवय लागते. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा बिंदू सांगायला 'सिन्स' आणि काळाची लांबी सांगायला 'फॉर'. दहा वर्षं ही लांबी आहे, तिच्यामागे 'सिन्स' लागत नाही. 'सिन्स २०१७' व्याकरणाला चालतं, पण या रचनेत लोक बहुतेक लांबीच सांगतात, कारण किती काळ भरेल हे सांगण्यासाठीच ही रचना वापरतात.

'बाय'चा गोंधळ 'पर्यंत'मुळे होतो. 'जूनपर्यंत शिकवेल' आणि 'जूनपर्यंत दहा वर्षं होतील' ही दोन 'पर्यंत' वेगळी आहेत. पहिल्यात जून आला की काम थांबतं. तिथे इंग्रजीत 'टिल' येतो: 'शी विल टीच टिल जून'. दुसऱ्यात जून ही फक्त मोजायला थांबण्याची जागा आहे. जुलैतही ती शिकवत असेल. तिथे 'बाय'. स्वतःला विचारून बघा: त्या तारखेनंतर काम बंद पडतं का? पडत असेल तर 'टिल'. त्या तारखेला काळ किती भरतो एवढंच सांगायचं असेल तर 'बाय'.

यावरून हिशेबही तपासता येतो. सुरुवात, 'बाय'ची तारीख आणि 'फॉर'ची लांबी या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. तुमच्या बहिणीची नेमणूक १२ जून २०१७ ची आहे असं धरू. 'बाय द एंड ऑफ जून २०२७' लिहिलं तर दहा वर्षं पूर्ण भरलेली आहेत. पण अर्जात 'बाय १ जून २०२७' असेल तर अकरा दिवस कमी पडतात. तिथे 'फॉर ऑलमोस्ट टेन इयर्स' लिहा. आणि 'बाय जून २०२८' लिहून 'टेन इयर्स' तसंच ठेवलं तर वाक्य चुकीचं, तिथे 'इलेव्हन' हवं. मुलांकडून सराव करून घ्यायचा तर आपलंच उदाहरण आहे: राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली सुरू झालं, तर 'बाय २०३०' त्याची किती वर्षं? 'द युनिव्हर्सिटी विल हॅव बीन फंक्शनिंग फॉर ट्वेन्टी इयर्स.' वर्षं बदलून पाच वाक्यं लिहायला लावली की वजाबाकी आणि व्याकरण दोन्ही पक्कं होतं.

मधली सुट्टी मोजायची का, हे शिक्षक नेहमी विचारतात. उन्हाळ्याची किंवा दसऱ्याची सुट्टी वजा करत नाहीत, कारण 'शिकवणं' हा चालू व्यवसाय आहे. पण मध्ये दोन वर्षं नोकरी सोडून बी.एड. केलं असेल, तर सलग दहा वर्षं म्हणणं खरं नाही. तेव्हा रचनाच बदला: 'बाय जून २०२७ शी विल हॅव टॉट फॉर अ टोटल ऑफ एट इयर्स'. एकूण बेरीज सांगायची असेल तर 'बीन' आणि 'आयएनजी' गळून पडतात.

तोच नियम संख्येला लागू होतो. किती काळ, याचं उत्तर द्यायचं असेल तर 'विल हॅव बीन टीचिंग'. किती झालं, याचं द्यायचं असेल तर 'विल हॅव टॉट'. म्हणून 'शी विल हॅव बीन टीचिंग सिक्स दहावी बॅचेस' लिहू नका. 'शी विल हॅव टॉट सिक्स बॅचेस' लिहा. मोजता येणारी गोष्ट पूर्ण झालेली असते, चालू नसते.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत नीट उलगडत नाहीत: काम आजपर्यंत सुरू झालेलंच असलं पाहिजे असं नाही. उद्या सकाळी बेळगावला गाडीत चढायचं आहे आणि जागा मिळणार नाही हे माहीत आहे. तरी आज म्हणता येतं: 'बाय द टाइम द ट्रेन रीचेस लोंडा, वी विल हॅव बीन स्टँडिंग फॉर अॅन अवर'. उभं राहणं उद्या सुरू होणार, लोंडा येईपर्यंत तासभर भरणार. फक्त 'बाय द टाइम'च्या पुढे 'विल' घालायचा नाही. 'द ट्रेन विल रीच' चुकीचं, 'रीचेस' बरोबर. भविष्य मुख्य वाक्यात एकदाच येतं.

काही क्रियापदांना 'आयएनजी' मानवत नाही. ओळखणं, असणं, मालकी असणं ही त्यातली. 'आय विल हॅव बीन नोइंग हर' ऐवजी 'आय विल हॅव नोन हर फॉर टेन इयर्स'. म्हणून बहिणीबद्दल 'शी विल हॅव बीन अ टीचर फॉर टेन इयर्स' हेही बरोबर आहे. तिथे 'बीन' मुख्य क्रियापद आहे आणि पुढे 'टीचिंग' लागत नाही.

शेवटी तुमच्या अर्जाबद्दल. नोकरीच्या अर्जात आजपर्यंतचा अनुभव विचारला असेल तर ही रचना वापरूच नका. तिथे 'शी हॅज बीन टीचिंग सिन्स जून २०१७' लिहा, कारण तपासणारा आजच्या तारखेचा अनुभव मोजतो. पुढची ठराविक तारीख दिली असेल, म्हणजे त्या दिवसापर्यंत किती वर्षं भरतात हे विचारलं असेल, तरच सरांचं वाक्य तसंच ठेवा आणि 'बाय'पुढे तीच तारीख घाला.