गणपतीसाठी गुरुजींना ब्रिटनला बोलावताना निमंत्रणपत्र कसे लिहावे?

प्रश्न: आमचे मंडळ लंडनजवळ आहे. पुण्याहून गुरुजींना दहा दिवसांच्या पूजेसाठी बोलवायचे आहे. व्हिसासाठी पत्रात काय लिहू?

उत्तर: स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर परदेशातील धर्मगुरू येऊन प्रवचन किंवा धार्मिक सेवा करू शकतात, पण त्यांचे नेहमीचे काम भारतातच असले पाहिजे. त्यामुळे ‘आमच्या मंदिरात नेमणूक’ किंवा ‘मानधन’ असे शब्द पत्रात आले की अर्ज अडचणीत येतो. या व्हिसावर तिथल्या संस्थेकडून मेहनताना घेता येत नाही. प्रवास, राहणे, जेवण यांचा वाजवी खर्च मंडळ देऊ शकते. हे नुसते शब्दांपुरते नको, दक्षिणेच्या नावाने ठरलेली रक्कमही देऊ नका.

मजकूर साधारण असा:

“गुरुजी १० ते २८ सप्टेंबर २०२६ या काळात आमचे पाहुणे असतील. १४ तारखेची प्राणप्रतिष्ठा, रोजची आरती आणि २५ तारखेचे विसर्जन ते करतील. विमानभाडे व भोजन मंडळ देईल. ते आमच्या सचिवांच्या घरी राहतील. त्यांना वेतन दिले जाणार नाही. २८ तारखेला ते भारतात परततील.”

पत्र मंडळाच्या लेटरहेडवर इंग्रजीत, सहीसह द्या. पासपोर्टवरचे नाव आणि क्रमांक हुबेहूब लिहा. सोबत मंडळाचे बँक स्टेटमेंट आणि सचिवांच्या घराचा पुरावा जोडा. गुरुजींच्या पुण्यातल्या देवस्थानाकडून रजेचे पत्रही घ्या. ते परत जाणार हे त्यातूनच ठळक दिसते. दोन्ही पत्रांतल्या आणि अर्जातल्या तारखा जुळतात ना, हे शेवटी पुन्हा तपासा.